२०१३ चा सोनेप्रश्न: शुल्क २ वरून १० टक्के झाले, पण आयात नेमकी कशाने थांबली?

पार्श्वभूमी

जानेवारी २०१२ पर्यंत भारतात सोन्यावरचे आयात शुल्क वजनावर ठरत असे. १० ग्रॅमला ३०० रुपये. त्या वेळच्या भावाने ते जेमतेम एक टक्का होई, म्हणजे आयातदाराच्या हिशेबात त्याला फारसे स्थान नव्हते. पुढच्या दीड-दोन वर्षांत हेच शुल्क पाच टप्प्यांत १० टक्क्यांवर गेले. जानेवारी २०१२ मध्ये ते किमतीवर आधारित करून २ टक्के केले, मार्चच्या अर्थसंकल्पात ४, जानेवारी २०१३ मध्ये ६, जूनमध्ये ८ आणि १३ ऑगस्ट २०१३ ला १०. याच काळात डॉलर ५० रुपयांच्या आसपासून निघून ६८ च्या पुढे गेला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सहज असे वाटते की सोन्याने रुपया पाडला, सरकारने शुल्क लावले आणि रुपया सावरला. प्रत्यक्षात यातला प्रत्येक दुवा थोडा सैल आहे. तो कुठे सैल आहे हे पाहण्यासाठी हे प्रकरण तपासण्याजोगे आहे.

आधी मूळ हिशेब. २०१२-१३ या आर्थिक वर्षात भारताची वस्तूंच्या व्यापारातली तूट सुमारे १९६ अब्ज डॉलर होती. सॉफ्टवेअर सेवा, परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठवलेले पैसे आणि अशाच इतर अदृश्य जमांमधून सुमारे १०७ अब्ज डॉलर निव्वळ आले. उरलेली तूट ८८ अब्ज डॉलरची, देशाच्या सकल उत्पन्नाच्या ४.८ टक्के. हीच चालू खात्यावरची तूट. त्या वर्षी नुसती सोन्याची आयात सुमारे ५४ अब्ज डॉलर होती. पाच वर्षांपूर्वी, २००७-०८ मध्ये, ती १७ अब्जांच्या आत होती.

तेलाची आयात सोन्याच्या तिपटीच्या आसपास होती. तरी सगळ्यांचे बोट सोन्याकडे गेले, आणि त्याला कारण होते. तेल थांबले तर मालमोटारी, पंप, कारखाने थांबतात. सोने आले की ते तिजोरीत जाऊन बसते. काही भाग दागिने होऊन परत निर्यात होतो, तो सोडला तर आयात केलेल्या सोन्यातून पुढे डॉलर कमावणारे काही निर्माण होत नाही. म्हणून पहिली कात्री कुठे चालवायची हा प्रश्न फार वेळ कोणाला पडला नाही.

मागणी एवढी का वाढली, याचे उत्तर मात्र सोन्यात नव्हते. त्या वर्षांत ग्राहक महागाई ९-१० टक्क्यांच्या घरात होती आणि बँकेतल्या ठेवीवर कर भरून हाती येणारे व्याज त्याहून कमी. पैसा बँकेत ठेवला तर त्याची खरेदीशक्ती झिजत होती, आणि सोन्याचा भाव मात्र दशकभर चढत आला होता. घराघरांतून होणारी खरेदी म्हणजे या परिस्थितीत शहाणपणाने केलेली बचतच होती. देशाच्या खात्यात मात्र त्या बचतीची नोंद आयात म्हणून होत होती.

सोने विकत घेतल्यावर रुपयाचे काय होते

सराफ बँकेकडून एक किलोची लगडी रुपयांत घेतो. बँकेने ती परदेशी पुरवठादाराकडून आणलेली असते आणि त्याला डॉलर द्यायचे असतात. भाव निश्चित झाला की बँक चलन बाजारात रुपये विकून डॉलर घेते. बाजाराच्या दृष्टीने त्या दिवशी डॉलरचा एक गिऱ्हाईक वाढला, एवढेच घडते.

समोरून तेवढेच डॉलर येत असतील तर दर हलत नाही. २०१२-१३ मध्ये ते येत होते. त्या वर्षी भांडवली खात्यातून निव्वळ सुमारे ८९ अब्ज डॉलर आले. परकीय गुंतवणूकदारांनी शेअर आणि रोखे घेतले, कंपन्यांनी बाहेरून कर्जे काढली, अनिवासी भारतीयांनी ठेवी ठेवल्या. ८८ अब्जांची तूट त्यात बरोबर भागली. म्हणूनच विक्रमी तूट असलेल्या वर्षात रुपया हळूहळू झिजला, पण कोसळला नाही.

खरा धोका भरणा कशाने होतो आहे यात होता. येणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा कधीही उठून जाऊ शकणारा होता. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१२ या तिमाहीत तूट सकल उत्पन्नाच्या ६.७ टक्क्यांवर गेली, आणि हा आकडा जाहीर झाल्यावर परदेशातून पाहणाऱ्या प्रत्येकाला कळले की या देशाला दर महिन्याला काही अब्ज डॉलर उसने लागतात. उसने देणाऱ्याने हात आखडता घेतला तर दर कुठे जाईल, याचा अंदाज बाजार आधीच बांधू लागतो.

अडचण टोकाला गेली ते दोन महिने

१२ आणि १५ एप्रिल २०१३ या लागोपाठच्या दोन व्यवहार दिवसांत जागतिक बाजारात सोने औंसाला साधारण १,५६० डॉलरवरून १,३५० च्या आसपास घसरले. शुल्कवाढीने मागणी दाबण्याचा प्रयत्न चालू असताना भावच तेरा टक्क्यांहून अधिक खाली आला. दोन-दोन टक्क्यांच्या शुल्कवाढीचा टिकाव तिथे लागणार नव्हता. एप्रिलमध्ये सुमारे १४२ टन सोने आले, मे महिन्यात १६२ टन. मे महिन्याची व्यापार तूट २० अब्ज डॉलरवर गेली.

भाव पडल्यावर बिल कमी व्हायला हवे, असे कागदावर दिसते. सोन्याच्या बाबतीत ते उलटे झाले, कारण 'आता स्वस्त मिळतेय' म्हणून घेणारे आणि 'शुल्क पुन्हा वाढणार' म्हणून साठवणारे एकाच वेळी बाजारात उतरले. दुसऱ्या गटाला सरकारनेच शिकवले होते. वर्षभरात शुल्क दोन-दोन टक्क्यांनी वाढत गेले, की पुढची वाढ येणार हे व्यापारी गृहीत धरतो आणि आधीच माल उचलतो.

२२ मे २०१३ ला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या अध्यक्षांनी संसदीय समितीपुढे सांगितले की बाजारात पैसा ओतणारी मासिक रोखे-खरेदी पुढे कमी करता येईल. जगभरचा पैसा उगवत्या बाजारांतून अमेरिकेकडे वळू लागला. ज्यांच्या चालू खात्यावर मोठी तूट होती त्या देशांना फटका अधिक बसला. ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका आणि भारत. एप्रिलअखेरीस ५४ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८.८० रुपयांच्या पुढे गेला.

क्रम लक्षात घ्यावा. सोन्याने तूट फुगवली, तुटीने देश उसन्यावर अवलंबून ठेवला आणि उसने बंद झाल्यावर रुपया पडला. जून महिन्यात सोन्याची आयात ३१ टनांवर आली होती. रुपयाची सर्वांत वेगवान घसरण त्यानंतरची आहे.

समोर असलेले पर्याय

गंगाजळीतून डॉलर विकून रुपया धरून ठेवणे हा पहिला विचार. मार्च २०१३ अखेर परकीय गंगाजळी सुमारे २९२ अब्ज डॉलर होती, म्हणजे सात महिन्यांची आयात भागेल एवढी. पण ती खर्चून दर धरला तर आणखी किती दिवस धरता येईल याचे गणित समोरचाही मांडतो. त्यामुळे हा उपाय चढउतार मऊ करण्यापुरताच वापरण्यासारखा होता.

व्याजदर वाढवणे हा दुसरा. रिझर्व्ह बँकेने १५ जुलैला बँकांना तातडीने मिळणाऱ्या उसनवारीचा दर १०.२५ टक्क्यांवर नेऊन तोही करून पाहिला. रुपया लगेच सावरला नाही आणि मंदावलेल्या उद्योगांचे कर्ज मात्र महाग झाले.

घराघरांतले सोने बाहेर काढणे हा तिसरा. देशात लोकांकडे वीस हजार टनांच्या आसपास सोने असल्याचे त्या वेळचे अंदाज होते. त्यातला एक छोटा अंश जरी वितळून बाजारात आला तरी वर्षाची आयात भागते. पण वितळवणे, शुद्धता तपासणे, व्याज देणे ही यंत्रणा महिन्याभरात उभी राहत नाही. महागाईशी जोडलेले रोखे जून २०१३ पासून विकायला काढले होते. ते घाऊक महागाईला बांधलेले होते आणि घर चालवणाऱ्याला जाणवत होती किरकोळ महागाई, त्यामुळे सोने सोडून ते घ्यावेत असे फार कोणाला वाटले नाही.

पूर्ण बंदी हा चौथा. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत लागू होता आणि त्या काळात तस्करीचा धंदा कसा फोफावला हे सरकारी यंत्रणेच्या आठवणीत पक्के होते. त्यामुळे तो मांडला गेला तरी कोणी उचलून धरला नाही.

उरले शुल्क. ते एका अधिसूचनेने त्याच रात्री लागू होते, कायदा बदलावा लागत नाही, तिजोरीत महसूल येतो, व्याजदरासारखा सगळ्या अर्थव्यवस्थेवर घाव बसत नाही आणि 'सरकार काहीतरी करते आहे' असा संदेश परदेशी गुंतवणूकदारांपर्यंत पोचतो. हे शेवटचे कारण कोणी कागदावर लिहीत नाही, पण संकटाच्या काळात त्याचे वजन बरेच असते.

काय केले गेले

शुल्काचे टप्पे वर आलेच आहेत. त्याला समांतर रिझर्व्ह बँकेने पुरवठ्याची नळी आवळायला सुरुवात केली, आणि या प्रकरणात निर्णायक ठरले ते हेच.

१३ मे ला बँकांना कन्साइनमेंटवर सोने आणण्यास मनाई झाली. अपवाद दागिने निर्यातदारांच्या खऱ्या गरजेचा. कन्साइनमेंट म्हणजे माल परदेशी पुरवठादाराच्या मालकीचा, बँकेकडे नुसता ठेवलेला. विकला गेला त्या दिवशी भाव ठरतो आणि पैसे जातात. यात ना बँकेचे भांडवल अडकते ना सराफाचे, म्हणून माल सहज येतो. ४ जूनला हीच मनाई सोने आणण्याची परवानगी असलेल्या सर्वच संस्थांना लागू झाली आणि पतपत्रासाठी, म्हणजे पुरवठादाराला पैसे मिळतील या बँकेच्या हमीसाठी, १०० टक्के रोख रक्कम आधी जमा करण्याची अट आली. जूनची आयात ३१ टनांवर घसरली ती यामुळे. शुल्क त्याच आठवड्यात ८ टक्के झाले होते हे खरे, पण दोन टक्क्यांच्या फरकाने महिन्याला १६२ टनांचे ३१ टन होत नाहीत.

२२ जुलैला हे सगळे मागे घेऊन एकच नियम आणला, जो पुढे '८०:२०' म्हणून ओळखला गेला. समजा एका संस्थेने १०० किलोचा लॉट आणला. त्यातले २० किलो सीमाशुल्काच्या देखरेखीखालच्या बाँडेड गोदामात राहणार आणि फक्त दागिने निर्यातदारांनाच दिले जाणार. ८० किलो देशात विकता येणार. त्या २० मधले किमान ७५ टक्के, म्हणजे १५ किलो, निर्यात झाल्याचा पुरावा आल्याशिवाय पुढचा लॉट आणता येणार नाही. १४ ऑगस्टला नियमात बदल झाले, सोन्याची नाणी आणि पदके आणण्यावर बंदी आली, आणि सप्टेंबरमध्ये तयार दागिन्यांवरचे शुल्क १५ टक्के केले. कच्च्या सोन्याचे शुल्क वाढले की तेच सोने बांगडी बनून येऊ लागते, म्हणून हा शेवटचा बदल आवश्यक होता. तो महिनाभर आधी, १० टक्क्यांच्या अधिसूचनेबरोबरच व्हायला हवा होता.

नियम लागू झाला, पण निर्यातीचा पुरावा कोण तपासणार, जुन्या लॉटचे काय, २० टक्के नक्की कुठे ठेवायचे याची स्पष्टता सीमाशुल्क कार्यालयांकडे नव्हती. परिणामी ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आयात जवळपास ठप्प झाली. धोरणाचा हेतू आयात कमी करण्याचा होता, ती बंद झाली ती संदिग्धतेमुळे.

रुपयासाठी खरा उतारा सोन्याच्या बाहेरून आला. २८ ऑगस्टला तेल कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने थेट डॉलर देण्याची खिडकी उघडली, म्हणजे बाजारातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक बाजूला काढला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना ३.५ टक्के या ठरावीक दराने डॉलर-रुपया अदलाबदलीची सोय दिली. बँकांनी घेतलेल्या परदेशी कर्जांसह यातून नोव्हेंबरअखेर ३४ अब्ज डॉलर आले. फेडरल रिझर्व्हनेही सप्टेंबरमध्ये रोखे-खरेदीत लगेच कपात केली नाही. डॉलर ६१-६२ रुपयांवर येऊन थांबला.

निर्णयाचा कळीचा मुद्दा: शुल्क की संख्याबंधन

इथे थोडे थांबून आकडे मांडावे लागतात, कारण पुढचे सगळे दुष्परिणाम यातून निघतात.

एप्रिल २०१३ च्या सुरुवातीला जागतिक भाव १,५६० डॉलर, डॉलर ५४.५ रुपये, शुल्क ६ टक्के. एका औंसात ३१.१ ग्रॅम धरले तर १० ग्रॅमची उतरवणीची किंमत, म्हणजे भाव अधिक शुल्क, साधारण २९,००० रुपये होते. ऑगस्टअखेर जागतिक भाव १,४०० डॉलर, डॉलर ६८ रुपये, शुल्क १० टक्के. आता १० ग्रॅमला साधारण ३३,७०० रुपये. जगात सोने दहा टक्क्यांनी स्वस्त झाले आणि इथे सोळा टक्क्यांनी महागले. त्या महागाईत शुल्कवाढीचा वाटा चार टक्क्यांच्या आत आहे, बाकी सगळे रुपयाने केले. म्हणजे पडणारा रुपया हे स्वतःच सोन्यावरचे एक जबरदस्त शुल्क असते, फक्त त्याचा महसूल कोणाच्या तिजोरीत जात नाही.

शुल्क असताना हवे तेवढे सोने आणता येते, सरकारला ठरावीक हिस्सा द्यायचा. संख्याबंधन असताना पुरवठाच कमी, आणि टंचाईमुळे देशातला भाव जागतिक भाव अधिक शुल्क यांच्याही वर जातो. या वरच्या फरकाला बाजारात प्रीमियम म्हणतात. एरवी तो औंसाला दोन-चार डॉलर असतो. डिसेंबर २०१३ मध्ये तो १६० डॉलरपर्यंत गेला.

त्या वेळचा हिशेब असा. जागतिक भाव १,२५० डॉलर आणि डॉलर ६२ रुपये धरला तर १० ग्रॅम सोने शुल्काशिवाय सुमारे २४,९०० रुपयांना पडते. १० टक्के शुल्क सुमारे २,४९० रुपये. १६० डॉलरचा प्रीमियम म्हणजे १० ग्रॅमला सुमारे ३,१९० रुपये. सरकारला मिळत होते त्याहून अधिक पैसे आयातीचा परवाना हातात असलेल्याला मिळत होते, आणि ते देत होता शेवटचा ग्राहक.

आता ८०:२० शी हे जोडून पाहा. ढोबळमानाने एक किलो निर्यात केली की पाच किलो आणायची मुभा, त्यातले चार किलो देशात विकायचे. चार किलोवरचा प्रीमियम, किलोला ३.१९ लाखांप्रमाणे, सुमारे १२ लाख ७५ हजार रुपये. एक किलो सोन्याची किंमतच २५ लाखांच्या घरात. म्हणजे शिखरावरच्या प्रीमियमला निर्यातीत अर्ध्या किमतीपर्यंत तोटा सोसूनही सौदा जमत होता. अशा परिस्थितीत निर्यात दागिन्यांच्या मागणीसाठी होते की आयातीचा कोटा मिळवण्यासाठी, हे निर्यातीच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. ओळखण्याची खूण वेगळी. निर्यातीतला घडणावळीचा हिस्सा घसरतो. नक्षीकाम असलेल्या दागिन्यांऐवजी जाडसर, नुसत्या वजनाच्या बांगड्या-साखळ्या जाऊ लागल्या, की त्या पलीकडे वितळवण्यासाठीच जात आहेत असे समजायला हरकत नाही.

मे २०१४ मध्ये काही बड्या व्यापारी निर्यात कंपन्यांनाही या योजनेखाली आयातीची परवानगी मिळाली. प्रीमियम असताना परवाना कोणाला द्यायचा हा निर्णय म्हणजे नफा कोणाला द्यायचा हा निर्णय असतो. त्यावर नंतर टीका झाली, महालेखापरीक्षकांनीही योजना तपासली. २८ नोव्हेंबर २०१४ ला ८०:२० रद्द झाली. १० टक्के शुल्क मात्र पुढे वर्षानुवर्षे राहिले.

परिणाम

२०१३-१४ मध्ये चालू खात्यावरची तूट ८८ वरून ३२ अब्ज डॉलरवर आली, सकल उत्पन्नाच्या १.७ टक्के. सोन्याची आयात सुमारे ५४ वरून सुमारे २९ अब्जांवर. म्हणजे तुटीत झालेल्या ५६ अब्जांच्या सुधारणेत २५ अब्ज सोन्याचे. हा आकडा यश म्हणून वारंवार सांगितला जातो, म्हणून तो उलगडून पाहू.

वजनात आयात सुमारे १,०१७ टनांवरून सुमारे ६६० टनांवर आली. जर वजन तेच राहिले असते आणि फक्त जागतिक भाव पडला असता, तरी बिल ४४ अब्जांच्या आसपास आले असते. म्हणजे २५ पैकी सुमारे १० अब्ज भावाने वाचवले, त्यात धोरणाचा हात नाही. उरलेले १५ अब्ज कमी वजनाचे.

त्यातूनही तस्करी वजा करावी लागते. त्या काळात चोरट्या मार्गाने वर्षाला दीडशे ते दोनशे टन सोने आल्याचे जाणकारांचे अंदाज होते. किलोमागे शुल्काचे अडीच लाख आणि प्रीमियमचे तीन लाख सुटत असतील, तर विमानाच्या सीटखाली, पट्ट्याच्या बकलात, पोटात सोने आणणारे सापडतच राहणार. दीडशे टन धरले तरी त्या वर्षीच्या सरासरी भावाने साडेसहा अब्ज डॉलर होतात.

हे सोने फुकट येत नाही. त्याचेही पैसे परदेशात द्यावे लागतात, फक्त ते हवाल्याने जातात. आखातात काम करणारा माणूस घरी पाठवायचे दिरहम बँकेऐवजी हवालावाल्याला देतो. त्या दिरहमांनी तिथे सोने घेतले जाते आणि इथे त्याच्या घरी रोख रुपये पोचतात. देशाच्या खात्यात सोन्याची आयात नोंदवली जात नाही, पण त्याबरोबर घरी आलेले पैसेही नोंदवले जात नाहीत. आयात एका बाजूने कमी दिसते आणि अदृश्य जमा दुसऱ्या बाजूने. तुटीला त्यातून काहीच मिळत नाही. सरकारने मात्र शुल्क गमावलेले असते.

तेव्हा धोरणामुळे प्रत्यक्षात वाचलेले डॉलर २५ अब्ज नसून ८-९ अब्जांच्या जवळपास असावेत. हा ढोबळ हिशेब आहे, त्यातही एप्रिल-मेमध्ये घाईने आलेला साठा नंतरच्या महिन्यांची मागणी खाऊन बसला होता, त्याचे श्रेय धोरणाला द्यायचे की नाही हा वाद राहतो. ८-९ अब्ज हा आकडा क्षुल्लक नव्हे. पण ज्या तीन महिन्यांत अनिवासींच्या ठेवींतून आणि बँकांच्या कर्जांतून ३४ अब्ज उभे राहिले, त्यांच्याशी तो ताडून पाहिला की रुपया कशाने सावरला याबद्दल फारसा संशय राहत नाही.

तिमाहीचे आकडे मात्र शुल्क-निर्बंधांच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगतात. एप्रिल-जून २०१३ ची तूट २१.८ अब्ज होती, जुलै-सप्टेंबरची ५.२ अब्ज. घबराटीच्या काळात हा आकडा बाजाराला दाखवता आला, याची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही. नळी आवळली नसती तर तो इतका खाली गेला नसता.

काय वेगळे करता आले असते

पहिले, शुल्क एकदाच आणि पुरेसे वाढवणे. दोन-दोन टक्क्यांच्या पायऱ्यांनी प्रत्येक वेळी पुढच्या वाढीची वाट दाखवली आणि साठेबाजीला निमंत्रण दिले. जानेवारी २०१३ मध्ये, भाव पडण्याआधी, एका झटक्यात ८ किंवा १० टक्के केले असते आणि त्याची मुदतही जाहीर केली असती, तर एप्रिल-मेची लाट काही प्रमाणात तरी बोथट झाली असती.

दुसरे, संख्याबंधन आणायचेच होते तर कोट्याचा लिलाव करणे. प्रीमियम अटळ होता, पण तो परवानाधारकाच्या खिशात जाणे अटळ नव्हते. लिलावात ज्याला कोटा हवा तो प्रीमियमएवढी बोली लावतो आणि ती रक्कम सरकारला मिळते. निर्यातीची अट घातल्याने मात्र खोट्या निर्यातीला बक्षीस मिळाले.

तिसरे, कन्साइनमेंटची मनाई आणि रोख पतपत्राची अट जूनमध्ये काम करत होती. ती मोडून गुंतागुंतीचा ८०:२० आणणे हा या प्रकरणातला सर्वांत शंकास्पद निर्णय वाटतो. निर्यातदारांना सोने मिळत नव्हते ही तक्रार खरी होती, पण ती निर्यातदारांसाठी वेगळी खिडकी ठेवूनही सोडवता आली असती.

चौथे, बाहेर पडण्याची तारीख. डॉलर डिसेंबर २०१३ मध्येच ६२ वर स्थिर झाला होता. संख्याबंधन त्यानंतर अकरा महिने राहिले आणि या अकरा महिन्यांत त्याने रुपयापेक्षा तस्करी आणि प्रीमियमलाच अधिक आधार दिला.

शुल्काचा टक्का तोच ठेवला तरी तस्कराचा फायदा तोच राहत नाही, हे पुढच्या फेरीत दिसले. जुलै २०२२ मध्ये रुपया ७९ च्या घरात असताना एकूण शुल्क १५ टक्के केले. जुलै २०२४ पर्यंत जागतिक भाव २,४०० डॉलरवर पोचला होता. या भावाने १५ टक्के म्हणजे किलोमागे सुमारे ९ लाख ७० हजार रुपये, २०१३ च्या १० टक्क्यांच्या जवळजवळ चौपट. त्या महिन्यातल्या अर्थसंकल्पात शुल्क ६ टक्क्यांवर आणले तेव्हा हा फायदा चार लाखांच्या खाली आला. भाव चढत असताना टक्केवारीत ठरवलेले शुल्क आपोआप जड होत जाते. दर सहा महिन्यांनी किलोमागचा रुपयांतला फरक काढून पाहिला तरच हे वेळेत लक्षात येते.

आणि आकड्यांबद्दल एक. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी १४.८ अब्ज डॉलर जाहीर झाली, व्यापार तूट विक्रमी ठरली, रुपयावर दबाव आला. नंतर तपासणीत विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या गोदामांतला माल दोनदा मोजल्याचे आढळले आणि आकडा सुमारे ५ अब्जांनी खाली आणावा लागला. सोन्याची मासिक आयात अचानक दुपटी-तिपटीने उडालेली दिसली तर आधी टन आणि डॉलर एकमेकांशी जुळतात का, आणि पुरवठादार देशांच्या निर्यातीत तेवढे सोने बाहेर पडलेले दिसते का, हे पाहावे. शुल्काची अधिसूचना एका रात्रीत निघते, म्हणून ही तपासणी त्याच्या आदल्या दिवशी झालेली असावी लागते.